ग्लास तिरपा का धरायचा: बिअर ओततानाचा फेस आणि गॅस

मे महिन्यातली संध्याकाळ होती. धुळ्याजवळ हायवेला लागून आमची परमिट रूम आहे, तिथे साक्रीकडचा एक पोरगा त्या दिवशी पहिल्यांदाच टेबलावर गेला. त्याने चार ग्लास टेबलावर सरळ उभे मांडले, बाटली फोडली आणि वीतभर उंचावरून पहिल्या ग्लासात उपडी केली. ग्लासात बिअर दिसायच्या आधी फेस काठावर आला, काठावरून टेबलावर आणि टेबलावरून गिऱ्हाइकाच्या पँटवर. गिऱ्हाईक शिरपूरकडचं, स्वभावाने मोकळं. म्हणालं, "हाई बियर शे का ताक?"

सगळे हसले. पण दोन-तीन मिनिटांनी फेस बसला, ग्लास अर्ध्याच्या थोडा वर भरलेला दिसला आणि त्याच माणसाने मला हाक मारली. "शेठ, माप कमी वाटतंय."

माप कमी नव्हतं, उरलेली बिअर बाटलीतच होती. पण त्याचं म्हणणं समजण्यासारखं होतं. आमचा ग्लास आतून साधारण 14 सेंटीमीटर उंच आहे. त्या पोराच्या ग्लासात खाली 7 सेंटीमीटर बिअर होती आणि वर 7 सेंटीमीटर फेस. फेस म्हणजे बहुतेक गॅसच, त्यात बिअर असते ती जेमतेम चौथा हिस्सा. त्यामुळे 7 सेंटीमीटर फेस बसला की त्याची पावणेदोन सेंटीमीटर बिअर होते. दिसायला भरलेला ग्लास प्रत्यक्षात पावणेनऊपर्यंतच भरलेला निघाला. शिवाय जो गॅस त्या फेसातून उडून गेला तो परत येत नाही, म्हणून खाली उरलेली बिअरही जरा मवाळ लागते.

त्या रात्री गर्दी ओसरल्यावर पोराला काउंटरमागे उभं करून जे शिकवलं, तेच इथे लिहितो. घरी मित्रांना बिअर ओतून देणाऱ्यालाही ते तसंच लागू पडतं.

गॅस आधीच आत असतो

650 मिलीच्या एका बाटलीत दीड लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बाटली बंद असते तोवर तो दाबाखाली गप्प बसतो. बूच उडालं की दाब सुटतो आणि गॅसला बाहेर पडायचं असतं, पण त्याला आपला आपण बुडबुडा बनवता येत नाही. त्याला आधी कुठेतरी हवेचा एखादा बारीक कण लागतो. काचेवरचा ओरखडा, चिकटलेला कपड्याचा धागा किंवा धारेबरोबर आत ओढली गेलेली हवा, यांपैकी काहीही चालतं. अशी जागा मिळाली की आजूबाजूचा गॅस तिच्यात शिरतो, बुडबुडा फुगतो आणि वर येतो. ओतताना तुमच्या हातात असतं ते एवढंच, की अशा जागा किती तयार होऊ द्यायच्या.

आता बुडबुडे तर गोटी सोड्यातही येतात. सोडा फोडला की फसफसतो, पण चार सेकंदांत वर काही राहत नाही. बिअरचा फेस मात्र टिकून राहतो, कारण बिअर बार्लीच्या माल्टपासून होते आणि त्यातली प्रथिनं बुडबुड्याभोवती पातळ कातडीसारखी बसतात. बिअरला कडवटपणा यावा म्हणून हॉप्स नावाची फुलं घालतात, त्यांतली कडू द्रव्यं त्या कातडीला आणखी घट्ट करतात. तुरीची डाळ शिजायला ठेवली की वर पांढरा फेस चढतो, तोही डाळीतल्या प्रथिनांमुळेच बराच टिकतो. आणि डाळ उतू जायला लागली की आई काय करते? वरून थोडं तेल सोडते, फेस बसतो. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओतण्याआधी: बाटली

आमच्या भागात अर्धी गडबड इथेच होते. गार बिअरमध्ये गॅस सहज मावतो, तापलेल्या बिअरमध्ये मावत नाही. 40 अंशांच्या पाण्यात 5 अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी गॅस विरघळून राहू शकतो. मे महिन्यात दुकानातून घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत अर्धा तास फिरली की ती हाताला कोमट लागते आणि आतला गॅस नुसता बाहेर यायची वाट बघत असतो. त्यात रस्ता खड्ड्यांचा असेल तर बाटली चांगली घुसळून निघालेली असते, म्हणजे बारीक बुडबुडे आधीच सगळीकडे पसरलेले. अशी बाटली जगातला कुठलाही वेटर नीट ओतू शकणार नाही, ग्लास कितीही तिरपा धरला तरी.

म्हणून बाटली घरी आणली की आधी तिला स्वस्थ बसू द्या. फ्रिजमध्ये उभी ठेवा, चार-पाच तास किंवा आदल्या रात्रीपासून. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, बाटली मानेपर्यंत त्यात बुडवा आणि अर्धा तास हात लावू नका. नुसत्या बर्फात बाटली तितकी लवकर गार होत नाही, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. मूठभर मीठ टाकलं तर पाणी आणखी गार होतं.

फ्रीजरचा मोह टाळा. आमच्याकडे एकदा दोन बाटल्या डीप फ्रीजरमध्ये विसरल्या गेल्या. एक फुटली. दुसरी शाबूत होती, पण आत बर्फाच्या सुया तयार झालेल्या. ती फोडली तेव्हा फेसाचा उमाळाच आला, कारण बर्फ होताना गॅस त्यातून बाहेर ढकलला जातो आणि बर्फाची प्रत्येक सुई बुडबुड्यांना जागा देते. बाटली 5 ते 7 अंशांच्या आसपास असली की पुरे. थर्मामीटर नसेल तर हाताने ओळखा. धरल्यावर चटका बसावा इतकी गार हवी, पण आत काही गोठलेलं दिसायला नको.

ओतण्याआधी: ग्लास

ग्लास स्वच्छ हवा, हे सगळेच सांगतात. पण बिअरच्या दृष्टीने घाणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली घाण म्हणजे काचेवर चिकटलेलं काहीतरी. पुसायच्या फडक्याचे धागे असतील किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग. ग्लास वरवर चकचकीत दिसतो, पण बिअर ओतली की काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे जागच्या जागी चिकटून बसलेले दिसतात. तिथून गॅस विनाकारण सुटत राहतो. उपाय साधा आहे. ग्लास धुतल्यावर फडक्याने पुसू नका, जाळीवर उपडा ठेवून हवेत वाळू द्या. पांढरे डाग असतील तर आधी लिंबाने घासून घ्या.

दुसरी घाण म्हणजे तेल. हिच्यामुळे फेस वाढत नाही, मरतो. आमच्याकडे बिअरबरोबर शेवभाजी हमखास मागवली जाते आणि शेवभाजीवर तर्री बोटभर. ग्लास त्याच टबात, त्याच स्पंजने धुतला की काचेवर तेलाचा न दिसणारा थर राहतो. मग बिअर कितीही नीट ओता, फेस येतो आणि डाळीवर तेल सोडल्यासारखा झरकन बसतो. साबण नीट निघाला नसेल तरी तेच होतं. म्हणून बिअरचे ग्लास वेगळ्या टबात, वेगळ्या स्पंजने धुवायचे, ही आमच्या दुकानातली सक्ती आहे. आणि हो, तर्री लागलेल्या ओठांनी दोन घोट घेतले की तुमच्या ग्लासातला फेस जाणारच. त्यासाठी वेटरला बोलू नका.

ग्लास तपासायचा तर आतून ओला करा आणि उपडा धरा. पाण्याचा पातळ पडदा सगळीकडे सारखा पसरला तर ग्लास ठीक. पाणी फाटून थेंबाथेंबांत गोळा झालं तर तिथे तेल आहे.

ओतण्याच्या क्षणाआधी ग्लास गार पाण्याने विसळा आणि पाणी झटकून टाका. गरम, कोरड्या काचेवर बिअर पडली की पहिल्याच धारेला फेस उसळतो. ओल्या काचेवर ती घसरते. आणि बर्फाचा पांढरा थर चढलेला ग्लास फोटोत छान दिसतो, ओतायला मात्र वाईट, कारण तो सगळा थर खरखरीत असतो.

आता ग्लासाचा कल

शेतात बोअरची मोटर चालू असताना पाइपाचं पाणी हौदात पडताना बघा. धार उंचावरून पडते, हौदातल्या पाण्यात खोल घुसते आणि जाताना हवा घेऊन जाते. म्हणून त्या जागी पाणी पांढरं, फेसाळ दिसतं. तेच पाणी पाटात सोडलं तर जमिनीला धरून सरकतं आणि तळ दिसावा इतकं नितळ असतं. पाणी तेच, पाइप तोच. फरक पडण्यात आणि सरकण्यात आहे.

उभ्या ग्लासात बिअर पडते. तिरप्या ग्लासात ती काचेवरून सरकते. एवढाच सगळा खेळ आहे. उभ्या ग्लासात धार काठापासून तळापर्यंत 14 सेंटीमीटर पडते, बाटली वर धरली असेल तर त्याहून जास्त. तिरप्या ग्लासात ती पाचेक सेंटीमीटरवरच काचेला टेकते. पडणाऱ्या धारेचा जोर उंचीच्या प्रमाणात असतो, म्हणजे उभ्या ग्लासात तो जवळजवळ तिप्पट झाला. तेवढी हवा जास्त आत ओढली जाते आणि हवेचा प्रत्येक कण गॅसला बाहेर यायची वाट करून देतो.

फ्रान्समधल्या जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने 2010 साली हे शॅम्पेनवर मोजून दाखवलं. उभ्या ग्लासात मधोमध ओतलेल्या शॅम्पेनपेक्षा बिअरसारख्या तिरप्या ओतलेल्या शॅम्पेनमध्ये गॅस जास्त शिल्लक राहिला आणि पेय जितकं गार तितका तो आणखी जास्त राहिला. शॅम्पेनचे शौकीन तोवर तिरपं ओतणाऱ्याकडे जरा नाक मुरडूनच बघत होते.

आता हातात घ्या. ग्लास खालच्या भागाला धरा, काठाला बोटं लावू नका. तो उभ्यापासून साधारण 45 अंश कलवा, म्हणजे उभा आणि आडवा यांच्या बरोब्बर मधे. बाटलीचं तोंड काठाच्या जवळ आणा पण टेकवू नका. नेम काचेच्या खालच्या बाजूच्या मध्यावर धरा, तळाच्या कोपऱ्यात नाही. तळाच्या कोपऱ्यात नेम धरला तर ग्लास तिरपा असूनही धार थेट पडते आणि तिरपेपणाचा उपयोग होत नाही. नवीन पोरं ही चूक हमखास करतात.

बाटली हळूहळू कलती करा. बाटलीच्या मानेतून बिअर बाहेर येते त्याच वाटेने हवा आत जायला हवी. बाटली एकदम उपडी केली तर दोघांना जागा पुरत नाही, बिअर गुडगुड करत धक्क्याधक्क्याने पडते आणि प्रत्येक धक्क्याला फेस उसळतो. हा आवाज कानाने पकडायला शिका. गुडगुड ऐकू आली की बाटली जास्त कलली आहे. नीट ओतताना एकसारखी, जवळजवळ बिनआवाजाची धार पडते.

कधी सरळ करायचा

ग्लास शेवटपर्यंत तिरपाच ठेवला तर फेस जवळजवळ येत नाही. काही जणांना हीच कौशल्याची खूण वाटते. मला पटत नाही. बिनफेसाच्या बिअरचा वास नाकापर्यंत येत नाही, कारण वास वर आणायचं काम फुटणारे बुडबुडेच करतात. आणि ग्लासात सुटला नाही तो गॅस पोटात जाऊन सुटतो. दोन ग्लासांत पोट तट्ट झालं अशी तक्रार करणाऱ्यांचं ओतणं एकदा बघा.

शिवाय हिशेबही आहे. आमच्या ग्लासाचं तोंड सहा सेंटीमीटर रुंद आहे. 45 अंशांत तो पाऊण भाग भरला की काठावरून सांडायला लागतो. म्हणून अर्धा भरला की सरळ करायला सुरुवात करायची, एका झटक्यात नाही तर ओतता ओतता. तोवर आत इतकी बिअर साचलेली असते की धारेला पडायला उंचीच फारशी उरत नाही. ग्लास पूर्ण उभा झाला की धार मधोमध आणा. फेस कमी वाटला तर बाटली दोन-चार सेंटीमीटर वर उचला, जास्त वाटला तर खाली आणा. फेसावरचा ताबा इथे, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात असतो. आधी गॅस सांभाळायचा आणि शेवटी हवा तेवढाच सोडायचा.

काठाच्या बोटभर आधी थांबा. ओतणं थांबल्यावरही फेस थोडा वर चढतो.

त्या रात्री पोराने दुसऱ्या बाटलीवर हे केलं. ग्लास विसळला, कलवला, मध्यावर नेम धरला, मनात सातपर्यंत मोजेस्तोवर अर्धा भरला, मग सरळ करत आणखी पाच आकड्यांत थांबला. खाली साडेअकरा सेंटीमीटर बिअर, वर अडीच सेंटीमीटर फेस. बसल्यावर त्याचीही थोडी बिअर होते, म्हणजे बारापर्यंत ग्लास भरला. आधीच्या पावणेनऊशी ताडून बघा. बाटली तीच, ग्लास तोच.

बिघडलं तर कुठे बघायचं

फेस कुठे सुरू झाला, हे आधी पाहायचं. बूच उडताच बाटलीच्या तोंडातून फेस आला तर ओतण्यात चूक नाही. बाटली कोमट आहे, हललेली आहे किंवा आत बर्फ आहे. ती उभी ठेवा, फेस बसू द्या आणि मग नेहमीपेक्षा जास्त वेळ ग्लास तिरपा ठेवून ओता. पुढची बाटली फोडायच्या आधी बर्फाच्या बादलीत घाला.

बाटलीत सगळं शांत आणि ग्लासात मात्र उसळी आली, तर ग्लास तपासा. बुडबुड्यांची माळ काचेवरच्या एकाच जागेतून निघत असेल तर तिथे ओरखडा किंवा डाग आहे. जुने, घासून पांढुरके झालेले ग्लास बिअरसाठी वापरूच नका, त्यांतून ताक द्या.

फेस आला आणि अर्ध्या मिनिटात नाहीसा झाला, तर तेल किंवा साबण. बरोबर असलेल्या ग्लासात दर घोटागणिक फेसाची एक कडी काचेला चिकटून राहते. ग्लास संपला की त्या कड्या मोजून किती घोट घेतले ते सांगता येतं. तेलकट ग्लासात काच कोरी राहते.

ड्राफ्ट बिअर आमच्याकडे नाही, पण कुणी नळावर उभा राहणार असेल तर एवढंच ध्यानात ठेवा की नळ अर्धवट उघडायचा नाही. अर्धवट उघडलेल्या फटीतून बिअर फवाऱ्यासारखी येते आणि सगळा फेसच हाती लागतो. पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. ग्लासाचा कल तोच.

गव्हाच्या बिअरला फेस जास्त चढतो, तिथे ग्लास आणखी थोडा उशिरा सरळ करा.

शेवटचं, अर्धा प्यालेला ग्लास परत भरण्याबद्दल. आपल्याकडे वेटरने ग्लास रिकामा होऊ दिला नाही म्हणजे चांगली सर्व्हिस, असं मानतात. पण खालची बिअर तोवर कोमट आणि मवाळ झालेली असते, तिच्यावर ताजी ओतली की दोन्ही बिघडतात आणि फेस कसा येईल याचा भरवसा राहत नाही. मी पोरांना सांगतो, गिऱ्हाइकाला ग्लास संपवू द्या, तोवर बाटली बर्फाच्या बादलीत उभी ठेवा. गिऱ्हाईक "भर रे भाऊ" म्हणालंच तर ग्लास उचलून जितका कलेल तितका कलवा आणि आतल्या बिअरवर धार पडू न देता काचेवरूनच सोडा. टेबलावर ठेवलेल्या ग्लासात वरून ओतायचं नाही. शिरपूरच्या त्या पाहुण्याची पँट आम्हाला अजून आठवते.